अर्ज आधी कानाला दाखवा

आमच्या गावातल्या कब्रस्तानासाठी नगरपरिषदेला द्यायचा अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मोहल्ल्यात 'मराठी लिहिणारा' म्हणून माझी थोडीफार ख्याती आहे. मागणी साधी होती. फाटकापासून आत जाणारी वाट कच्ची आहे, पावसाळ्यात तिथं घोट्याएवढा चिखल होतो. वाटेवर दिवा नाही. आणि जनाज्याच्या नमाजसाठी लोक जमले की उभं राहायला मोकळी जागा कमी पडते. मागच्या पावसाळ्यात रात्रीची मयत होती. पुढे दोघं मोबाइलची टॉर्च धरून, मागे जनाजा. खांदा दिलेल्यांपैकी एकाचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आला. बाकीच्यांनी सावरलं म्हणून जे व्हायचं ते झालं नाही. पण त्या क्षणी सगळ्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ज्यांनी ऐकला त्यांना अजून आठवतो. म्हणून अर्ज.

मी तो मनापासून लिहिला. तीनदा वाचला, मनातल्या मनात. शुद्धलेखन तपासलं. मग इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर चार लोकांपुढे मोठ्यानं वाचायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदात या वाक्यापाशी आलो:

"सदर कब्रस्तानात जाणाऱ्या नागरिकांच्या संख्येत दरवर्षी वाढ होत असून सर्वांना पुरेल एवढी जागा उपलब्ध करून देण्यात यावी."

एक चाचा शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, सगळ्यांनाच पुरायला निघालास का?"

क्षणभर मला कळलंच नाही. मग सगळे हसायला लागले आणि माझ्याही डोक्यात उजेड पडला. 'पुरणं' म्हणजे कमी न पडणं, आणि 'पुरणं' म्हणजे मातीत गाडणं. दोन्ही क्रियापदं लिहायला सारखी, बोलायला सारखी. शिवाय 'कब्रस्तानात जाणारे' म्हटलं की कानाला आधी मेलेली माणसंच दिसतात, भेट द्यायला जाणारी नव्हे. म्हणजे माझ्या वाक्याचा अर्थ झाला: गावात मरणारे वाढलेत, तेव्हा सगळ्यांना गाडता येईल एवढी जागा द्या. गंमत म्हणजे ही मागणीसुद्धा काही चुकीची नव्हती! पण आम्हाला ती करायची नव्हती. आम्हाला जिवंत माणसांना उभं राहायला जागा हवी होती.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे. लिहिलेला मजकूर पाठवण्याआधी मोठ्यानं वाचावा, हा सल्ला सगळेच देतात आणि जवळजवळ कुणीच पाळत नाही. माझं म्हणणं त्याहून थोडं पुढचं आहे. तुमचा स्वतःचा आवाज काही ठरावीक चुकाच पकडतो. उरलेल्या चुका तो झाकतो. त्या पकडायला दुसऱ्याचा आवाज लागतो. त्या अर्जावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या, तेव्हा हे मला नीट कळलं.

आधी आपल्या आवाजाला काय सापडतं ते सांगतो. डोळा शब्द वाचत नाही, शब्द ओळखतो. त्यात लिहिणाऱ्याच्या डोळ्याला पुढं काय आहे ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तो कागदावर नसलेलंही वाचतो. जिभेला ती सोय नाही. तिला प्रत्येक अक्षरातून जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. त्या वेळातच दुसरा अर्थ डोकं वर काढतो. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं. ऐकणारा वाक्य संपेपर्यंत अर्थ हातात धरून बसलेला असतो, आणि मधल्या काळात त्याला जो अर्थ जवळचा वाटतो तो तो घेऊन टाकतो. कब्रस्तानाच्या अर्जात 'पुरेल' ऐकल्यावर जवळचा अर्थ कुठला असणार, हे सांगायला नको.

त्याच अर्जात पुढे मी लिहिलं होतं, "मागील मुख्याधिकारी साहेब गेल्यानंतर हे काम थांबले आहे." साहेबांची बदली झाली होती. ते खुशाल आहेत. हे वाक्य मात्र मी स्वतःच वाचताना थांबलो, कारण एव्हाना कान तयार झाला होता. 'गेल्यानंतर' खोडून 'यांच्या बदलीनंतर' केलं.

दुहेरी अर्थ हसवतात, म्हणून ते लक्षात राहतात. पण अर्जाचं खरं नुकसान करत होतं त्याचं पहिलं वाक्य, आणि त्यावर कुणीही हसलं नाही. ते असं होतं:

"नगरपरिषदेच्या हद्दीतील जुन्या पेठेच्या उत्तरेकडील मुस्लिम समाजाच्या कब्रस्तानाच्या मुख्य फाटकाच्या आतील बाजूच्या रस्त्याच्या दुरुस्तीच्या कामाच्या मंजुरीच्या संदर्भात सविनय सादर करण्यात येते की,"

मोजून दहा वेळा 'च्या'. तरी अजून काही सांगितलेलंच नाही, 'की' पुढे स्वल्पविराम देऊन वाक्य आणखी चालूच आहे. मनात वाचताना हे मला भारदस्त वाटलं होतं. मोठ्यानं वाचताना 'बाजूच्या रस्त्याच्या दुरुस्तीच्या' इथं जीभ अडखळली आणि 'मंजुरीच्या' येईपर्यंत श्वास संपला. ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहिले तर तिथं काहीच नव्हतं. सरकारी बातम्या लागल्यावर माणूस रेडिओकडे जसा बघतो तसं ते माझ्याकडे बघत होते.

'च्या'ची ही साखळी मराठीतला फार जुना रोग आहे. प्रत्येक नाम पुढच्या नामाच्या खांद्यावर हात टाकून उभं राहतं, आणि आपल्याला नेमकं हवंय काय ते रांगेत सगळ्यात मागे जातं. ती सोडवायची युक्ती मला वाचतानाच सापडली. शेवटून सुरुवात करायची. मंजुरी कशाची? कामाची. काम कसलं? दुरुस्तीचं. दुरुस्ती कशाची? वाटेची. म्हणजे आपण वाटेबद्दल बोलतोय. मग वाटेला वाक्याचा कर्ता करायचं, आणि बाकीच्या नामांना एकेक क्रियापद देऊन मोकळं करायचं. नवीन मसुदा असा झाला:

"जुन्या पेठेच्या उत्तरेला मुस्लिम समाजाचे कब्रस्तान आहे. त्याच्या फाटकापासून आत जाणारी वाट कच्ची आहे. तिथे दिवा नाही. पावसाळ्यात तिथे चिखल असतो. रात्री चालणे धोक्याचे आहे."

बरं झालं म्हणून पुन्हा वाचलं, तर नवीनच दुखणं. आहे, आहे, नाही, असतो, आहे. ताशा वाजल्यासारखं. मराठीत वाक्य क्रियापदावर संपतं आणि आपली निम्मी वाक्यं 'आहे'वर संपतात. त्यामुळे आखूड वाक्यं ओळीनं आली की एकाच ठिकाणी एकसारखी थाप पडत राहते. डोळ्याला हे दिसत नाही. पूर्णविरामांकडे पाहून त्याला उलट नीटनेटकं वाटतं. कान मात्र तिसऱ्या थापेला कंटाळतो आणि पाचव्या थापेला ऐकणं बंद करतो.

इथं लांब वाक्यं वाईट आणि आखूड चांगली असा नियम चालत नाही. ज्या दोन गोष्टींत कारण आणि परिणामाचं नातं आहे त्या जोडायच्या, आणि जी गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनावर बसायला हवी तिला एकटं सोडायचं. म्हणून: "वाट कच्ची असल्याने पावसाळ्यात चिखल होतो, आणि दिवा नसल्याने रात्री खांदेकऱ्यांना पाय कुठे पडतो ते दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात एक खांदेकरी जनाजा घेऊन घसरला." हे वाचल्यावर ओट्यावर जी शांतता झाली ती आधीच्या शांततेपेक्षा वेगळी होती. चाचांनी नुसती मान हलवली.

माझं पहिलं वाक्य तसं का झालं होतं, हेही कबूल करतो. आमच्या घरात दखनी बोलली जाते. मराठी मी शाळेत शिकलो, मित्रांत बोललो, आता तिच्यातच लिहितो आणि स्वप्नंही बहुधा तिच्यातच पडतात. तरी कागदावर सरकारी कचेरीचं नाव लिहिलं की मनात एक भीती उठते: आपली मराठी कमी दिसायला नको. त्या भीतीनं हात आपोआप 'सदर', 'उपरोक्त', 'सविनय सादर करण्यात येते' हे शब्द उचलतो, लग्नाला जाताना दुसऱ्याचा कोट घालावा तसे. ही भीती फक्त आमची नाही. शेताच्या बांधासाठी तहसीलदारांना अर्ज लिहिणारा शेतकरीही असाच लिहितो. मोठ्यानं वाचलं की मात्र तो कोट खांद्यात उसवतो, कारण 'करण्यात येते' हे आपण आयुष्यात कधी कुणाला तोंडानं म्हणालेलो नसतो. जीभ अशा शब्दाशी अनोळखी माणसासारखी वागते. जिथं आपला सूर बदलून बातम्या देणाऱ्यासारखा झाला, तिथं खूण करायची. तेवढं पुरतं. (पुन्हा 'पुरतं'! आता हा शब्द माझी पाठ सोडणार नाही.)

सगळंच मात्र उसवू नये. 'विषय', 'संदर्भ', आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख, या ओळी कानाला कितीही कोरड्या लागल्या तरी त्या कारकुनासाठी आहेत. त्यांच्यावरून तो जुनी फाइल काढतो. त्यांना बोलकं करायला गेलात तर तुमचं कामच अडेल.

पहिल्या संध्याकाळी एवढं झालं. मी समाधानानं घरी आलो आणि मसुदा साफ उतरवला. दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या गुरुजींकडे नेला. ते मराठीचे निवृत्त शिक्षक. मी वाचायला सुरुवात केली, तर त्यांनी हात पुढे केला. "दे इकडं. तू नको वाचूस. तुला माहितीये काय लिहिलंय ते."

त्यांनी चष्मा लावून सपाट आवाजात वाचायला घेतलं. कुठेही जोर नाही, कुठेही नाटक नाही. आणि माझ्या लाडक्या वाक्यापाशी आले: "आपण वेळीच लक्ष न दिल्याने हा प्रश्न वाढला आहे."

वाचून त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "साहेबांना दम देतोयस?"

मी दम देत नव्हतो. मला म्हणायचं होतं की आपण सगळ्यांनीच, मोहल्ल्यानं आणि नगरपरिषदेनं मिळून, वेळेवर लक्ष दिलं नाही. दोष वाटून घेण्याचं ते वाक्य होतं. पण 'आपण' हा मराठीतला फसवा शब्द आहे. त्यात मी आणि तुम्ही दोघे मावतो, आणि तोच शब्द आदरानं फक्त तुम्हाला उद्देशूनही येतो. समोर अधिकारी असेल, वर 'माननीय' असेल, तर 'आपण' म्हणजे तुम्हीच. ओट्यावर वाचताना मला हे का ऐकू आलं नव्हतं? कारण मी ते वाक्य मऊ आवाजात, हात स्वतःच्या छातीकडे नेत वाचलं होतं. कागदावर नसलेला अर्थ माझ्या आवाजानं भरून काढला होता. कारकून ते वाचेल तेव्हा माझा हात तिथं नसणार.

'आम्ही' लिहावं म्हटलं तर तेही अडचणीचं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर गेला. मोहल्ल्यातून आलेल्या अर्जात प्रत्येक वाक्य 'आम्ही'नं सुरू झालं की ते कुठल्यातरी वेगळ्या गावाहून आल्यासारखं वाटतं, आणि वाट तर याच गावातली आहे. शेवटी गुरुजींनी नावं घालायला लावली: "रहिवासी आणि नगरपरिषद, दोघांकडूनही वेळीच लक्ष दिले गेले नाही." जरा कोरडं आहे. पण कुठल्याही आवाजात वाचलं तरी अर्थ बदलत नाही, आणि अर्जाला तेच हवं.

गुरुजींकडून परतताना मला लहानपणीचा मकतब आठवला. कुरआन वाचायला शिकताना उस्ताद कुठं थांबायचं ते आधी शिकवतात, कारण चुकीच्या जागी थांबलं तर अर्थ फिरतो. म्हणून मुसहफात ओळींच्या वर बारीक खुणा छापलेल्या असतात. मीमची खूण असेल तर थांबायलाच हवं, लाम-अलिफची असेल तर थांबू नये. वाचणाऱ्याच्या अंदाजावर ते सोडलेलं नाही. आपल्या अर्जावर अशा खुणा नसतात. आपल्याकडे फक्त स्वल्पविराम आहे आणि शब्दांचा क्रम आहे, आणि आपण स्वतः वाचताना या दोन्हींची कसर आवाजानं भरून काढतो. कसर भरली जाते तेव्हाच चूक लपते.

घरी भाची आली होती. नववीत आहे, मराठी माध्यमात. तिला म्हटलं, जरा वाचून दाखव. ती धडा वाचावा तशी झरझर वाचत गेली आणि तिसऱ्या परिच्छेदात अडकली. वाक्य होतं: "वाटेवर आलेल्या जून झाडांच्या फांद्या मे महिन्यात तोडाव्यात."

तिनं 'जून' वाचला तो महिना. पुढे 'झाडांच्या' आलं तशी थांबली, मागे गेली, पुन्हा महिनाच वाचला. पुढे 'मे महिन्यात' आल्यावर तर तिनं कागद खाली केला. "मामू, मेमध्ये तोडायच्या की जूनमध्ये?"

'जून' म्हणजे जुनी, निबर झालेली झाडं. भेंडी जून होते तसा. आमच्या पिढीच्या जिभेवर हा शब्द आहे, आणि त्यातल्या 'ज'चा उच्चार महिन्यातल्या 'ज'हून वेगळा आहे. उर्दू जाणणाऱ्याला सांगायचं तर महिना जीमचा आणि भेंडी ज़ेच्या जवळची. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यांच्यातही हाच फरक. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, तिथंही. मराठी तोंडात 'च' आणि 'ज' दोन-दोन आहेत, मराठी लिपीत मात्र एकेकच.

इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती कुणी सांगितलेली मी वाचलेली नाही. 'पुरेल' आणि 'जून' या दोन वेगळ्या जातीच्या चुका आहेत. 'पुरेल'चे दोन्ही अर्थ एकाच उच्चारात राहतात. म्हणून तो शब्द तोंडातून बाहेर पडला की ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकू येतात, आणि कान तयार असेल तर आपल्यालाही. 'जून'चे दोन अर्थ दोन उच्चारांत राहतात. मी तो शंभर वेळा मोठ्यानं वाचला असता तरी शंभर वेळा बरोबरच वाचला असता, आणि ऐकणाऱ्यालाही बरोबरच ऐकू आला असता. ती चूक आवाजात नव्हतीच, कागदावर होती. ज्याला कागदावरून आवाज काढायचा आहे त्यालाच ती सापडणार. म्हणजे चारचौघांना वाचून दाखवणं वेगळं आणि चारचौघांपैकी एकाकडून वाचून घेणं वेगळं. दोन्ही हवं.

(अशीही एक जात आहे जिथं कान काही करू शकत नाही. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि पूर्वीचं 'नांव' आणि पाण्यातली 'नाव' एकसारखी झाली. आता ती दिसायलाही सारखी, ऐकायलाही सारखी. तिथं फक्त व्याकरण वाचवतं: नाव बुडालं तर अब्रू गेली, नाव बुडाली तर नावाडी.)

भाचीचं वाचन ऐकताना मी एक पथ्य पाळायला शिकलो. ती अडली की माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायला निघायचा, तो गिळायचा. सांगितलं की ती पुढे जाते आणि चूक कागदावरच राहते. आपल्या हातात दुसरी प्रत आणि पेन्सिल असावी. ती जिथं मागे गेली तिथं गोल, श्वास मोडला तिथं तिरकी रेघ, उगाच हसली तिथं नागमोडी रेघ. दुरुस्ती तेव्हा करायची नाही. वाचता वाचता वाक्य बदलायला लागलो की पुढची वाक्यं ऐकूच येत नाहीत, आणि बदललेलं वाक्य न वाचताच पक्कं होतं. बदल झाल्यावर तो पूर्ण परिच्छेद पुन्हा वाचायचा. नुसतं बदललेलं वाक्य वाचून भागत नाही. ताशाची थाप मला सापडली ती दुसऱ्या वाचनातच.

वाचणारा निवडतानाही थोडं डोकं लागतं. मजकूर आधी न पाहिलेला माणूस हवा. आणि फार छान वाचणारा नको. आमच्या मोहल्ल्यात एकजण मुशायऱ्यात सूत्रसंचालन करतात. त्यांना विजेचं बिल वाचायला दिलं तरी लोक वाहवा करतील. असा आवाज अर्ज तपासायला निरुपयोगी. नववीतली मुलगी उत्तम.

आकड्यांच्या बाबतीत मात्र आवाजावर भरवसा ठेवू नका. मोठ्यानं वाचताना जीभ वाक्याच्या लयीत असते, आणि १४ चं ४१ झालेलं असलं तरी ती ते तितक्याच ठसक्यात वाचते. वाक्य कुठेच अडत नाही. अर्जातली तारीख, आवक क्रमांक, गट नंबर यांच्यासाठी जुन्या छापखान्यातली पद्धत बरी. तिथं एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसरा प्रुफावर बोट ठेवून मिळवायचा. आम्हीही तसंच केलं. गुरुजी जुन्या अर्जाच्या पोचेवरून एकेक अंक म्हणत गेले, मी नव्या अर्जावर मिळवत गेलो. एक तारीख चुकली होती. ओट्यावर आणि घरी मिळून ती चार वेळा मोठ्यानं वाचली गेली होती.

आणखी एक धोका मी सांगायला हवा, कारण तो मी स्वतः ओढवून घेतला. एकदा कानाला दुहेरी अर्थाची चटक लागली की त्याला सगळीकडे तेच ऐकू येतं. अर्ज अगदी तयार झाल्यावर शेवटचं वाचन ओट्यावर झालं. शेवटची ओळ होती: "सोबत पुरावा म्हणून मागील अर्जाची प्रत जोडली आहे." 'पुरावा' म्हणताच पुन्हा हशा. कोण पुरावा? कुणाला पुरावा? 'पुरेल'च्या हसण्यातून आम्ही अजून बाहेर आलो नव्हतो. मी म्हटलं, उगाच शंका नको, आणि 'पुरावा' खोडून 'आधार' केलं. भाचीनं सरळ वाचलं, गुरुजींनी मान हलवली, चाचांना हसू आलं नाही. अर्ज टाइप झाला, सह्या झाल्या.

सोमवारी आम्ही तिघं नगरपरिषदेत गेलो. साहेब दुसऱ्या कागदांवर सह्या करत होते. वर न बघता कारकुनाला म्हणाले, "वाचा मोठ्यानं." म्हणजे शेवटी तो अर्ज कानानंच आत जाणार होता. कारकुनानं एका दमात वाचला. वाट, चिखल, दिवा. खांदेकरी घसरल्याच्या वाक्याला साहेबांची सही करता करता थांबली, त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "कधी झालं हे?" आम्ही सांगितलं. कारकून पुढे वाचत शेवटच्या ओळीवर आला: "सोबत आधार म्हणून मागील अर्जाची प्रत जोडली आहे." तो थांबला. पान उलटलं. मागचं पानही उलटलं.

"आधारची झेरॉक्स कुठाय?" तो म्हणाला. "तिघांचीही लागेल."

मी म्हटलं, साहेब, आधार म्हणजे तो आधार नव्हे, आधार म्हणजे पुरावा.

"मग पुरावा लिहा की सरळ," तो म्हणाला, आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी 'आधार' खोडला, वर 'पुरावा' लिहिलं, बाजूला छोटी सही केली. चाचा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले. कारकुनानं पोचेवर शिक्का मारला.